कमी उजेड म्हणजे नक्की किती? ठाण्यातल्या एका झाडविक्रीच्या पोस्टचं प्रकरण

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत हिरवी जाळी बांधून एक ताई घरात ठेवायची झाडं विकतात. दुकान नाही. इन्स्टाग्रामवर पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आणि संध्याकाळी टेम्पोने घरपोच, असा सगळा कारभार. माल उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून येतो, काही वेळा आंध्रातल्या कडियमहून येणाऱ्या गाडीतून. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं फ्लॅटमधलं. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, गॅलरी बंद करून हॉलमध्ये घेतलेली, काचेला तपकिरी फिल्म, आतून डासांची जाळी. मी नर्सरीवाल्यांना लागवडीबद्दल सल्ला देतो. ताईंकडच्या तक्रारी वाढल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि त्यामुळे हे प्रकरण जवळून बघायला मिळालं.

त्यांची सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट अशी होती:

> घरात ऊन येत नाही? नो टेन्शन! ही 5 झाडं कमी उजेडातही मस्त वाढतात: झीझी, स्नेक प्लांट, मनी प्लांट, पीस लिली, अरेका पाम. आठवड्यातून एकदा पाणी द्या, बस्स! हवा शुद्ध करतात, आणि स्नेक प्लांट तर रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो. ऑर्डरसाठी मेसेज करा.

अशा पोस्ट तुम्हीही पाहिल्या असतील. विक्रीच्या दृष्टीने ती उत्तम होती. ऊन नसलेल्या माणसाला 'तुलाही जमेल' असं सांगणारी, वाचायला अर्धा मिनिट लागणारी. मे-जूनमध्ये तिच्यावर भरपूर झाडं गेली. जुलैचा दुसरा पंधरवडा उजाडला आणि मेसेज यायला लागले: "ताई, पानं पिवळी पडतायत", "ताई, एक एक दांडी आडवी होतेय", "मातीतून चिलटं उडतायत". जो तो म्हणे झाडच खराब निघालं. ताई स्वभावाने भिडस्त, त्या मुकाट्याने बदलून देत राहिल्या आणि नफा तिकडेच जाऊ लागला.

माजिवड्यातल्या एका घरातलं झीझी त्यांनी परत आणून ठेवलं होतं. त्यावर सगळं प्रकरण वाचता येत होतं. बाहेरची कुंडी पांढऱ्या सिरॅमिकची, देखणी आणि खाली भोक नसलेली. कुंडी उचलली तर जड. वरचं बोटभर कोकोपीट कोरडं, फिकट दिसत होतं. दोन पेरं खाली बोट घातलं तर गारठा, आणि बाहेर काढलेल्या बोटाला गटाराचा वास. झीझीच्या बुडाशी छोट्या बटाट्यांसारख्या गाठी असतात, त्यात ते पाणी साठवून ठेवतं. झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, लांबलचक कोरड्या महिन्यांची सवय असलेलं. त्या गाठींपैकी बहुतेक दाबल्या की बोट आत जात होतं आणि तपकिरी पाणी निघत होतं. मुळांचं वरचं साल हातात यायचं, आत नुसता दोरा उरायचा. दोन गाठी घट्ट होत्या. त्या कापून, दोन दिवस सावलीत सुकवून वेगळ्या लावल्या.

त्या घरच्या बाईंनी काय केलं होतं? पोस्टमध्ये लिहिलं होतं तेच. दर रविवारी एक पेला पाणी. एकही रविवार चुकवला नव्हता.

झाड ठेवलं होतं टीव्हीच्या बाजूला, खिडकीपासून बारा-तेरा फुटांवर. दुपारी मोबाईलवरच्या अ‍ॅपने उजेड मोजला तर नव्वदच्या आसपास लक्स भरला. मोबाईलचं माप काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. आता हेच झाड आधी कुठे वाढलं ते बघा. स्वच्छ दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास ऊन असतं. नर्सरीची जाळी पाऊण ऊन अडवणारी धरली, तरी खाली वीस-पंचवीस हजार राहतात. तिथून उचलून झाड थेट नव्वदमध्ये. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण डोळे अंधाराशी लगेच जुळवून घेतात आणि हॉल 'छान उजेडाचा' वाटतो. पानांना तशी सोय नाही.

झाड पाणी ओढतं ते मुख्यतः पानांतून वाफ होऊन जातं म्हणून. उजेड कमी झाला की पानाचं अन्न बनवणं मंदावतं, त्याची रंध्रं कमी उघडतात आणि पाण्याची ओढही घटते. त्यात जुलैची दमट हवा, म्हणजे मातीतूनही पाणी उडत नाही. वर कोकोपीट. नर्सरीत रोज ऊन-वारा असताना पाणी धरून ठेवणारं कोकोपीट सोयीचं असतं, पण तेच बंद कुंडीत, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन-तीन आठवडे ओलं राहतं. मातीतली हवेची जागा पाण्याने भरली की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी आपलं काम करते. चिलटंही त्याच ओल्या थरात अंडी घालतात. म्हणजे झाड अंधाराने मेलेलं नव्हतं. अंधारात उपाशी राहून झीझी मरायला कित्येक महिने लागले असते. त्याला मारलं ते उजेडाच्या मानाने जास्त झालेल्या पाण्याने. माझ्या अनुभवात फ्लॅटमधली झाडं बहुतेक वेळा अशीच जातात, आणि 'आठवड्यातून एकदा' हा सल्ला अंधाऱ्या घराइतका दुसरीकडे कुठेही घातक ठरत नाही.

त्यामुळे पोस्टमधला दोष मला विक्रीच्या भाषेत वाटला नाही. तिच्यात एक माहितीच नव्हती: घेणाऱ्याच्या घरात उजेड किती. ती माहिती विक्रेत्याकडे नसते आणि गिऱ्हाईकालाही ठाऊक नसते. 'कमी उजेड' म्हणजे एकाला खिडकीशेजारची मऊ सावली, तर दुसऱ्याला बाथरूमसमोरचा पॅसेज. पाचही झाडांना एकाच माळेत ओवल्यामुळे घोटाळा आणखी वाढला. झीझी आणि स्नेक प्लांट दोन-तीनशे लक्समध्ये तग धरतात, वाढत मात्र जवळजवळ नाहीत. मनी प्लांट जगतो, पण पानं बारकी होतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि पांढऱ्या-पिवळ्या छटेची जात हळूहळू हिरवी पडते. पीस लिलीला पानं राहतात, फूल धरत नाही. अरेका तर त्या यादीत असायलाच नको होता. त्याला खिडकीला चिकटून जागा लागते, नाहीतर खालच्या झावळ्या एकामागून एक वाळतात.

पहिलं काम ठरलं ते गिऱ्हाईकाकडून उजेड मोजून घेण्याचं. लक्सचं अ‍ॅप सगळे उतरवून घेणार नाहीत. खोलीचा फोटो मागवण्यात अर्थ नाही, कारण मोबाईलचा कॅमेरा अंधारी खोली आपणहून उजळून दाखवतो. म्हणून जुनी सावलीची युक्ती घेतली. दुपारी बाराच्या सुमारास घरातले सगळे दिवे बंद करायचे. झाड जिथे ठेवायचं तिथे पांढरा कागद ठेवायचा आणि त्याच्यावर साधारण फूटभर उंचीवर हात धरायचा. सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर उजेड भरपूर. कडा पुसट, पण बोटं वेगवेगळी ओळखू येत असतील तर मध्यम. बोटं मिसळून नुसता डाग दिसत असेल तर कमी. काहीच दिसत नसेल तर तिथे झाडाचं काम नाही. कॅमेरा चित्र उजळवतो, पण सावलीची कड तीक्ष्ण करत नाही, त्यामुळे या कागदाचा फोटो खोलीच्या फोटोपेक्षा खरं सांगतो. शिवाय आणखी एक सोपी खूण: झाडाच्या उंचीवर डोळे नेऊन बघायचं, तिथून आभाळाचा तुकडा दिसतो का. दिसत नसेल तर तिथे पोचतो तो समोरच्या भिंतीवरून उसना आलेला उजेड.

खिडकीची दिशा विचारावी का, यावर आमची बरीच चर्चा झाली. इंग्रजी सल्ल्यांमध्ये 'उत्तरेची खिडकी म्हणजे अंधारी, दक्षिणेची म्हणजे उन्हाची' असं ठरलेलं असतं. ते वरच्या अक्षांशांवरच्या देशांसाठी. ठाणं-मुंबई 19 अंशांवर आहे. इथे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. या दोन दिवसांच्या मध्ये दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मे अखेरीस दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन शिरतच नाही, आणि उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. उलट डिसेंबरात दक्षिणेचं ऊन पार सोफ्यापर्यंत येतं. डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीपासून सहा फुटांवर मजेत असलेलं झाड जूनमध्ये त्याच जागी उपाशी असतं, आणि मालकाला वाटतं आपण काहीच बदललं नाही. म्हणून दिशा विचारायची, पण निर्णय कागदावर घ्यायचा. आणि ही सावलीची युक्ती सांगणारी पोस्ट वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर, पुन्हा टाकायची.

बदललेली पोस्ट चार पाट्यांची झाली. मजकूर ताईंचाच, मी फक्त आकडे आणि झाडं तपासली:

> 1. झाड घेण्याआधी एक मिनिट. दुपारी 12 वाजता दिवे बंद करा, झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा, फूटभर वर हात धरा आणि सावलीचा फोटो काढा.
>
> 2. बोटं वेगळी दिसतायत? मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा चालतील. नुसता डाग दिसतोय? झीझी किंवा स्नेक प्लांट, आणि तेही खिडकीकडे जितकं सरकवता येईल तितकं. टिकेल, पण नवीन पान क्वचितच येईल. सावलीच नाही? तिथे झाड घेऊ नका, पैसे वाया जातील.
>
> 3. रविवारी काडी घाला, पाणी नाही. कुंडीसोबत बांबूची काडी देतो. तळापर्यंत खोचा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओली किंवा माती चिकटलेली असेल तर पुढच्या रविवारी बघू. झीझी, स्नेक प्लांटला काडी पूर्ण कोरडी आली तरच पाणी. मनी प्लांट, अग्लोनेमाला वरची दोन पेरं कोरडी झाली की पाणी.
>
> 4. झीझी, 5 इंची भोकवाली कुंडी, 380 रुपये. सिरॅमिकची कुंडी हवी असेल तर झाड आतल्या कुंडीतच राहू द्या, पाणी घालताना बाहेर काढा, निथळलं की परत ठेवा. सावलीचा फोटो पाठवा, कोणतं झाड ते आम्ही सांगतो.

तिसऱ्या पाटीतला रविवार ताईंच्या डोक्यातून आला आणि सगळ्या पोस्टमधली ती मला सर्वात हुशार गोष्ट वाटते. 'माती सुकली की पाणी द्या' हे बरोबर आहे, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही. लोकांना वार हवा असतो. किती दिवसांनी, ते सरळ सांगा ना, असं दर तिसरं गिऱ्हाईक विचारतं. वार तसाच ठेवून त्या दिवशी करायचं काम बदललं, तर सवय टिकते आणि झाडही. पावसाळ्यात अंधाऱ्या हॉलमधल्या झीझीची काडी महिनाभर ओली येऊ शकते, आणि त्या महिनाभरात झाडाला काहीही कमी पडत नाही.

चौथ्या पाटीतही एक गोष्ट दडलेली आहे. आधी पोस्ट संपायची 'ऑर्डरसाठी मेसेज करा' या ओळीवर आणि मेसेज यायचा 'प्राइस?' एवढाच. मग पंधरा मिनिटं विचारपूस, तरी जागेचा अंदाज यायचा नाही. आता पहिल्या मेसेजमध्येच सावलीचा फोटो येतो. शिकवणं आणि चौकशी दोन्ही एकाच कृतीत बसलं. वाचणाऱ्याला स्वतःच्या घराबद्दल काहीतरी नवं कळतं आणि विकणाऱ्याला कोणतं झाड द्यायचं ते.

हवेबद्दलची ओळ काढायला मात्र ताई सहज तयार नव्हत्या, कारण ती वाचून माणसं थांबतात. या दाव्याचं मूळ नासाच्या 1989 सालच्या प्रयोगांत आहे. त्यात झाडं छोट्या बंद पेटीत ठेवून हवेतली रसायनं मोजली होती. राहत्या घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला. साध्या वायुवीजनाने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांकडून व्हायला चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. रात्रीच्या ऑक्सिजनचा घोळ वेगळा आहे. स्नेक प्लांट आपली रंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो, हे खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो, त्यामुळे अंधाऱ्या बेडरूममध्ये तो रात्री ऑक्सिजनचा कारखाना चालवत नाही. ताईंना यातलं विज्ञान पटलं, पण निर्णय झाला तो दुसऱ्या कारणाने. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 2022 मध्ये केंद्राने ग्राहक संरक्षण कायद्याखाली मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि सिद्ध करता न येणारा दावा छोट्या विक्रेत्यालाही अंगाशी येऊ शकतो. ओळ गेली. तिच्या जागी आलं ते विक्रीला मारक वाटणारं वाक्य: 'मनी प्लांट, झीझी, अग्लोनेमा, पीस लिली यांची पानं चावल्यास तोंडाची आग होते, रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा.' या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने ती आग होते.

परिणाम लगेच दिसला आणि तो सगळाच गोड नव्हता. मेसेज कमी झाले. कागद ठेवून फोटो काढण्याइतका उत्साह प्रत्येकाला नसतो, आणि 'इथे झाड घेऊ नका' ही ओळ वाचून काही जण खरंच थांबले. फोटो पाठवणाऱ्यांपैकी मात्र बरेचसे झाड घेऊनच गेले, आणि काही त्याच फोटोवरून दुसरी जागा शोधून आले: टीव्हीशेजारी डागही नाही, पण जेवणाच्या टेबलामागे बोटं दिसतात. बदलून देण्याला ताईंनी अट घातली. सावलीचा फोटो पाठवलेला असेल आणि झाड भोकवाल्या कुंडीतच असेल तर महिन्याच्या आत बदलून मिळेल. भांडणं त्याने मिटली, कारण आता दोघांकडे तोच फोटो असतो.

नव्या झाडाची चारदोन खालची पानं पहिल्या काही आठवड्यांत पिवळी पडतातच. जाळीखालचा उजेड सोडून घरात आल्यावर झाड न परवडणारी पानं टाकून देतं. एखाददुसरं पान, तेही खालचं आणि सुकं, तर काळजी नाही. बुडाशी मऊपणा, वास किंवा एकाच वेळी अनेक पानं, तर कुंडीतून काढून मुळं बघायची. ताई हे आता पोस्टमध्ये टाकत नाहीत, झाड पोचल्यावर दहाव्या दिवशी मेसेजने पाठवतात. माझ्या मते ते तिथेच हवं. विकत घेण्याआधी पिवळ्या पानांची गोष्ट कोणी वाचत नाही, आणि दहाव्या दिवशी तीच गोष्ट अगदी हवी तेव्हा येते.

ज्यांच्याकडे सावलीच पडत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा उरल्या. एक, दोन झाडं घेऊन आलटून पालटून ठेवायची, एक हॉलमध्ये आणि एक खिडकीत, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. दुसरी, साधी 20 वॅटची पांढरी एलईडी पट्टी झाडाच्या फूट-दीड फूट वर, दिवसाला बारा तास. महिन्याला सातेक युनिट वीज जाते. महागडे जांभळे 'ग्रो लाइट' यासाठी लागत नाहीत, आणि त्या उजेडात हॉलमध्ये बसवतही नाही. ऑफिसांचं गणित यातूनच सोपं होतं. टेबलावर तीनचारशे लक्सचा उजेड आठ-नऊ तास असतो, तेवढ्यावर अग्लोनेमा आणि झीझी निभावतात, शनिवार-रविवारच्या अंधारासकट.

भेट म्हणून जाणाऱ्या झाडांना ही पद्धत लागू पडत नाही. देणाऱ्याला घेणाऱ्याच्या घरातला उजेड माहीत नसतो, आणि दिवाळीच्या घाऊक ऑर्डरींमध्ये तर कोणाच्याच घरातला नसतो. तिथे ताई फक्त झीझी किंवा स्नेक प्लांट देतात, काडी खोचूनच, आणि सावलीच्या परीक्षेचं कार्ड दोऱ्याने बांधून.

अरेका अजून त्यांच्याकडे आहे. दिसायला भरदार, हॉलमध्ये लगेच शोभा आणणारा, त्यामुळे मागणी हटत नाही. त्याची आता वेगळी पोस्ट असते, 'गॅलरी किंवा खिडकीला चिकटून, नाहीतर नको' या ओळीने सुरू होणारी. तरीही टीव्हीच्या कोपऱ्यासाठीच अरेका हवा म्हणणारे येतात आणि कागदावर डाग दिसत असतानाही घेऊन जातात. अशांच्या बिलावर ताई फोटोची तारीख घालून लिहितात: उजेड कमी, सांगितलं आहे, बदलून मिळणार नाही.